पीआर डिस्क्रिप्शन आणि रिव्ह्यू कमेंट्स: इंटर्न मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिपला आलेली मुलंमुली कोड बऱ्यापैकी लिहितात, अडतात ती कोड लिहून झाल्यावर. पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट उघडला की एक मोठा रिकामा बॉक्स समोर येतो, त्यात काय लिहायचं हे कॉलेजात कुणी सांगितलेलं नसतं, आणि मग कमेंट्स यायला लागल्या की पोटात गोळा येतो. टीममध्ये इंटर्नचे पीआर बघताना जे प्रश्न मला सारखे विचारले जातात ते इथे एकत्र केलेत. गिटहब धरून लिहिलंय, गिटलॅबवर त्यालाच मर्ज रिक्वेस्ट म्हणतात आणि बटणं थोडी वेगळी आहेत, बाकी मामला तोच.

सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर देतो म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा ऑनलाइन ऑर्डर घेणारं एक ॲप आहे आणि ऑफिसमध्ये रोजच्या ऑर्डरचा रिपोर्ट निघतो. अकाउंट्सवाल्यांची तक्रार आली की रात्री बारानंतरच्या ऑर्डर आदल्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये दिसतायत. कारण साधं आहे, डेटाबेसचं घड्याळ यूटीसीवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे २ जुलैला रात्री १:१५ ला आलेली ऑर्डर यूटीसीत १ जुलै, १९:४५ अशी असते आणि १ तारखेत मोजली जाते. `created_at` हा कॉलम `timestamptz` प्रकारचा आहे. जुनी क्वेरी अशी होती:

```sql
WHERE created_at::date = :day
```

आणि इंटर्नने ती बदलून अशी केली:

```sql
WHERE (created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date = :day
```

टिकट नंबर ४१२. एवढ्या एका ओळीच्या बदलावर पीआर उघडायचाय.

प्रश्न: एका ओळीचा तर बदल आहे, डिफमध्ये सगळं दिसतंय, मग डिस्क्रिप्शन कशाला?

डिफमध्ये काय बदललं ते दिसतं. का बदललं, काय तपासलं, आणि याच्यामुळे दुसरीकडे काय हलणार आहे, हे डिफमध्ये कधीच दिसत नाही. वरचीच ओळ बघा. रिव्ह्यूअरला एवढंच कळतं की टाइमझोन घातलाय. अकाउंट्सची तक्रार त्याला माहीत नाही, तुम्ही रात्री बाराच्या आसपासच्या वेळा तपासल्या की नाही हे माहीत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा बदल गेल्यावर मागच्या महिन्याचा रिपोर्ट कुणी पुन्हा काढला तर आकडे वेगळे येतील हे त्याच्या डोक्यातही येणार नाही. तुम्ही दोन दिवस या प्रश्नात बुडालेले असता म्हणून तुम्हाला सगळं उघड वाटतं, रिव्ह्यूअर दुसऱ्याच कामातून मान वर काढून तुमचा पीआर उघडतो.

आणि अजून एक वाचणारा असतो जो आत्ता समोर नाही. वर्षभराने कुणीतरी या ओळीवर `git blame` मारेल, तिथून पीआरवर येईल आणि विचारेल की हे असं का केलं होतं. तेव्हा तुमची इंटर्नशिप संपून तुम्ही कुठे असाल कुणास ठाऊक, तिथे तुमचं डिस्क्रिप्शनच उत्तर देणार.

प्रश्न: टायटल काय द्यायचं?

`fix bug`, `changes`, `ticket 412` यातलं काही नको. पीआरच्या यादीत फक्त टायटल दिसतं, तेवढ्यावरून बदल कळला पाहिजे. आपल्या उदाहरणात: «रोजच्या ऑर्डर रिपोर्टमध्ये दिवस भारतीय वेळेनुसार मोजा». टीममध्ये तुम्ही हे इंग्रजीत लिहाल, तिथेही असंच आज्ञार्थी वाक्य लिहायची पद्धत आहे. «टाइमझोन इश्यू फिक्स केला» हे `fix bug` पेक्षा बरं, पण कुठला इश्यू, कुठल्या स्क्रीनवर, ते राहिलंच.

प्रश्न: बरं, मग पूर्ण डिस्क्रिप्शन कसं दिसतं? एक नमुना द्या ना.

हा घ्या. इथे मराठीत देतोय, भाषा तुमच्या टीमची जी असेल ती.

> का: रोजच्या ऑर्डर रिपोर्टमध्ये दिवस यूटीसीनुसार मोजला जातो. त्यामुळे रात्री १२ ते पहाटे ५:३० च्या ऑर्डर आदल्या दिवशी दिसतात आणि अकाउंट्सचा रोजचा हिशोब बँकेच्या स्टेटमेंटशी जुळत नाही. (#412)
>
> काय केलं: रिपोर्टच्या क्वेरीत तारीख काढण्याआधी `created_at` भारतीय वेळेत आणला. डेटाबेसमध्ये साठवलेल्या वेळा बदललेल्या नाहीत.
>
> कसं तपासलं: २ जुलैच्या रिपोर्टसाठी या वेळांच्या ऑर्डर घालून टेस्ट लिहिली: १ जुलै २३:५९, २ जुलै ००:००, २ जुलै ०५:२९, २ जुलै २३:५९, ३ जुलै ००:००. मधल्या तीनच येतात. जुन्या कोडवर हीच टेस्ट फेल होते हे बघितलं.
>
> लक्ष द्या: जुन्या तारखांचा रिपोर्ट पुन्हा काढला तर आकडे बदलतील. अकाउंट्सला सांगायला हवं, अजून सांगितलेलं नाही.
>
> यात नाही: महिन्याच्या रिपोर्टमध्येही हाच प्रश्न आहे, तो वेगळ्या पीआरमध्ये करतो.

बस एवढंच. मिनिटभरात वाचून होतं. यात मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या शेवटच्या दोन गोष्टी, आणि नेमक्या त्याच इंटर्न लोक गाळतात कारण वाटतं की आपल्याच कामातली उणीव आपण कशाला दाखवा. पण उलटं होतं. «महिन्याचा रिपोर्ट यात नाही» हे तुम्ही लिहिलं नाही तर रिव्ह्यूअर तेच विचारणार, तुम्ही उत्तर देणार, त्यात अर्धा दिवस गेला. आणि जुने आकडे बदलणार हे कुणालाच न सांगता मर्ज झालं तर अकाउंट्सवाले पुढच्या आठवड्यात नवीन टिकट घेऊन येणार, की रिपोर्ट बिघडला.

«कसं तपासलं» मध्ये «लोकली टेस्ट केलं, चालतंय» एवढंच लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. कुठल्या वेळा घातल्या, काय आलं, ते लिहा. वरच्या नमुन्यात जुन्या कोडवर टेस्ट फेल होते हे लिहिलंय ते मुद्दाम, कारण जी टेस्ट जुन्या कोडवरही पास होते तिने हा बग पकडलेलाच नसतो. स्क्रीनवर दिसणारा बदल असेल तर आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट टाका.

प्रश्न: आमच्या रेपोमध्ये टेम्प्लेट आपोआप येतं, त्यात दहा-बारा चेकबॉक्स आहेत. सगळे भरायचे का?

ते टेम्प्लेट बहुतेक `.github/pull_request_template.md` या फाइलमधून येतं. जे लागू आहे ते भरा, जे नाही तिथे «लागू नाही» लिहा. चेकबॉक्स न वाचता सगळे टिक करून टाकणं मात्र नको, एकदा कळलं की हा न बघता टिक करतो तर पुढच्या प्रत्येक पीआरमधले तुमचे टिक कुणी धरत नाही.

प्रश्न: पीआर केवढा असावा?

ठराविक आकडा नाही. गूगलने त्यांची रिव्ह्यूची पद्धत सार्वजनिक केलेली आहे, त्यात साधारण १०० ओळींचा बदल ठीक आणि १००० ओळींचा सहसा फार मोठा असं म्हटलंय, तो अंदाज म्हणून चांगला आहे. ओळींपेक्षा मी असं बघतो की टायटलमध्ये «आणि» आला का. «रिपोर्टचा दिवस भारतीय वेळेनुसार मोजा आणि फाइलचं फॉरमॅटिंग सुधारा», इथे दोन पीआर आहेत. फॉरमॅटिंगच्या दोनशे ओळींत ती खरी एक ओळ हरवते, आणि रिव्ह्यूअर ती न बघता पुढे जायची शक्यता वाढते. एडिटर सेव्ह करताना आपोआप फॉरमॅट करतो त्यामुळे हे नकळत होतं, म्हणून पीआर उघडायच्या आधी हे चालवून स्वतःचा डिफ एकदा वरपासून खालपर्यंत वाचा:

```
git diff main...HEAD
```

तीन टिंबं मुद्दाम आहेत, त्याने `main` पासून ब्रँच फुटल्यानंतरचे फक्त तुमचे बदल दिसतात, पीआरच्या पानावर दिसतात तसेच.

प्रश्न: काम अर्धवट आहे पण दिशा बरोबर आहे का ते विचारायचंय. पीआर उघडू का?

उघडा, पण ड्राफ्ट म्हणून. आणि डिस्क्रिप्शनच्या पहिल्याच ओळीत लिहा की नक्की काय बघून हवंय, उदाहरणार्थ «फक्त क्वेरीची पद्धत बरोबर आहे का ते बघा, टेस्ट अजून लिहायच्यात». नाहीतर एखादा मन लावून तुमच्या व्हेरिएबलच्या नावांवर कमेंट करत बसेल जी तुम्ही तशीही उडवणार होता.

प्रश्न: कमेंट्स आल्या! एकदम सात. सुरुवात कुठून करू?

आधी सगळ्या वाचा, एकालाही उत्तर न देता. पुष्कळदा पाचवी कमेंट वाचली की पहिलीचा अर्थ लागतो, किंवा एकाच बदलाने तीन कमेंट्स निकाली निघतात. मग कोड बदला, पुश करा, आणि उत्तरं त्यानंतर लिहा. आधीच सगळीकडे «करतो» लिहून ठेवलं तर रिव्ह्यूअरला नोटिफिकेशन जातं, तो येऊन बघतो तर काही बदललेलं नाही.

आपल्या उदाहरणात तीन कमेंट्स आल्या असं धरू, एक नावाबद्दल, एक इंडेक्सबद्दल आणि एक `'Asia/Kolkata'` थेट लिहिण्याबद्दल. पुढे एकेक बघू.

प्रश्न: कमेंटच्या आधी `nit` लिहिलंय, म्हणजे काय?

म्हणजे बारीकसारीक गोष्ट, यासाठी मर्ज अडणार नाही. «nit: `dt` ऐवजी `report_day` म्हण» अशी कमेंट असेल तर बदलायला अर्धं मिनिट लागतं, बदलून टाका आणि «बदललं» लिहा, वाद घालण्यासारखं त्यात काही नसतं.

प्रश्न: रिव्ह्यूअरने विचारलंय «ही क्वेरी `created_at` वरचा इंडेक्स वापरेल का?» मला खरंच माहीत नाही. काय लिहू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो कारण इथे शांत राहणं म्हणजे काय ते नीट दिसतं. घाबरलेला इंटर्न इथे दोनपैकी एक करतो. एक तर «हो वापरेल» असं अंदाजे ठोकून देतो, नाहीतर काहीच न लिहिता दोन तास गप्प बसतो आणि मग क्वेरी भलतीच करून टाकतो. दोन्हीची गरज नाही. लिहा: «माहीत नाही, `EXPLAIN ANALYZE` चालवून बघतो आणि इथेच टाकतो.» हे पूर्ण आणि चांगलं उत्तर आहे.

आता खरंच बघायचं. पोस्टग्रेस असेल तर क्वेरीच्या आधी `EXPLAIN ANALYZE` लावून चालवायची आणि आउटपुटमध्ये `Index Scan` आहे की `Seq Scan` ते बघायचं, `Seq Scan` म्हणजे पूर्ण टेबल वाचलं. इथे एक खोच आहे. स्वतःच्या लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये दोनशे ऑर्डर असतील तर इंडेक्स असूनही `Seq Scan` च दिसेल, कारण एवढं लहान टेबल सरळ वाचणं पोस्टग्रेसला स्वस्त पडतं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. स्टेजिंगवर मोठा डेटा असेल तिथे चालवा, किंवा मेंटॉरला चालवायला सांगा.

मोठ्या डेटावर चालवलं की कळतं, रिव्ह्यूअरची शंका बरोबर होती. कॉलमवरच टाइमझोन बदलून तारीख काढली की `created_at` वरचा साधा इंडेक्स कामाला येत नाही, कारण इंडेक्समध्ये मूळ वेळ क्रमाने लावलेली आहे आणि आपण शोधतोय ती वेळेवर प्रक्रिया करून निघालेली तारीख. उपाय असा की कॉलमला हात न लावता आपणच दिवसाची सुरुवात आणि पुढच्या दिवसाची सुरुवात काढून द्यायची:

```sql
WHERE created_at >= :day_start
  AND created_at <  :day_end
```

२ जुलैसाठी `day_start` म्हणजे भारतीय वेळेनुसार २ जुलै ००:०० आणि `day_end` म्हणजे ३ जुलै ००:००. आता इंडेक्स वापरता येतो.

मग त्या कमेंटखाली उत्तर असं:

> बरोबर, आधीची क्वेरी स्टेजिंगवर `Seq Scan` करत होती. कॉलमवर फंक्शन नको म्हणून सुरुवात आणि शेवट बाहेर काढला, आता `Index Scan` येतंय. दोन्ही आउटपुट खाली टाकलेत. बदल `a41f9c2` मध्ये आहे.

यात «सॉरी» नाही हे बघा, आणि «माझ्याकडे आधी चालत होतं» हेही नाही. काय सापडलं, काय केलं, कुठे आहे, एवढंच. कमिटचा नंबर दिला की रिव्ह्यूअरला पूर्ण पीआर पुन्हा चाळावा लागत नाही.

प्रश्न: `BETWEEN` वापरलं तर छोटं होईल ना?

छोटं होईल पण चुकेल. `BETWEEN` मध्ये दोन्ही टोकं धरली जातात, म्हणजे बरोब्बर रात्री १२:०० ला पडलेली ऑर्डर दोन्ही दिवसांच्या रिपोर्टमध्ये येईल. आणि शेवट २३:५९:५९ धरला तर शेवटच्या सेकंदाच्या अपूर्णांकातली ऑर्डर कुठेच येणार नाही. म्हणून सुरुवातीला `>=` आणि शेवटाला `<`. डिस्क्रिप्शनमध्ये ००:०० ची ऑर्डर टेस्टमध्ये घातलीय असं लिहिलं होतं ते याचसाठी, रिव्ह्यूअरला ती यादी वाचूनच कळतं की काठावरच्या वेळा बघितल्यात.

प्रश्न: «हे असं का केलं?» अशी कमेंट आली की मला वाटतं मी काहीतरी घोळ केलाय. दर वेळी कोड बदलून टाकतो.

थांबा, बदलू नका. «का» विचारलं म्हणजे बहुतेक वेळा खरंच का ते जाणून घ्यायचंय. लिहिताना आवाज दिसत नाही, चहा घेताना हाच प्रश्न समोर बसून विचारला असता तर तुम्ही सहज सांगितलं असतं. त्यातून बहुतेक जण ऑफिसात इंग्रजीत लिहितात, घाईत लिहिलेलं दोन शब्दांचं इंग्रजी वाक्य वाचायला आहे त्यापेक्षा खडूस वाटतं.

कारण असेल तर कारण सांगा. आणि मग एक पाऊल पुढे, ते कारण कोडमध्ये कसं दिसेल ते बघा. रिव्ह्यूअरला प्रश्न पडला म्हणजे पुढच्या वाचणाऱ्यालाही पडणार, आणि तो कमेंट्सचा धागा उघडून बघेलच असं नाही. कधी व्हेरिएबलचं नाव बदलून भागतं, कधी कोडमध्ये एका ओळीची कमेंट लागते, जसं «अकाउंट्सचा दिवस भारतीय वेळेनुसार, यूटीसी नाही». आणि कारण नसेल, म्हणजे कुठूनतरी बघून तसंच घेतलं असेल, तर तेही स्वच्छ सांगा: «पेमेंट रिपोर्टमध्ये असं होतं म्हणून तसंच ठेवलं, तिथलं कारण मला माहीत नाही.» रिव्ह्यूअरला ही माहिती उपयोगी असते, कदाचित तिथलंही चुकीचंच निघेल.

प्रश्न: मला रिव्ह्यूअरचं म्हणणं पटत नाही. तो दहा वर्षं सीनियर आहे, मी इंटर्न. बोलू का?

बोला, पण कारणासकट आणि निर्णय त्यांच्याकडे ठेवून. उदाहरणातली तिसरी कमेंट बघा: «`'Asia/Kolkata'` हार्डकोड का? उद्या दुबईची शाखा आली तर? प्रत्येक शाखेचा टाइमझोन टेबलमधून घ्या.» शंका रास्त आहे, पण त्यासाठी टेबलमध्ये नवा कॉलम, मायग्रेशन, सेटिंगचं पान असं सगळं येणार, आणि अकाउंट्सचा हिशोब आज चुकतोय. तर असं लिहिता येईल:

> मुद्दा पटला. सध्या सगळ्या शाखा भारतात आहेत आणि शाखेच्या टाइमझोनसाठी मायग्रेशन लागेल, म्हणून या पीआरमध्ये फक्त आजचा बग ठेवावा असं मला वाटतं. टाइमझोनचं नाव एकाच ठिकाणी कॉन्स्टंटमध्ये आणलंय म्हणजे पुढे बदलणं सोपं जाईल, आणि #431 टिकट काढलंय. हे आत्ताच व्हायला हवं असं वाटत असेल तर सांगा, करतो.

इथे «टिकट काढतो» नाही लिहिलेलं, काढून नंबर दिलाय. «नंतर करतो» या शब्दांवर कुणाचाच विश्वास नसतो, आणि तो नसणं योग्यच आहे. यावरही त्यांनी «नाही, आत्ताच करा» म्हटलं तर करा, शाखांचा पुढचा बेत कदाचित त्यांना माहीत असेल आणि तुम्हाला नाही. धागा मात्र दोन-तीन उत्तरांच्या पुढे लांबायला लागला की पाच मिनिटं कॉलवर बोला, आणि काय ठरलं ते परत पीआरमध्ये एका ओळीत लिहा. कॉलवर ठरलेलं बाकी कुणाला दिसत नाही.

प्रश्न: कमेंट खरोखरच लागेल अशी होती, «हे काय लिहिलंय, बेसिक तरी बघा» टाइप. तेव्हा?

अशी कमेंट लिहायला नको होती, ते आधी स्पष्ट करतो. उत्तर देताना त्यातला कामाचा भाग वेगळा काढा आणि तेवढ्यालाच उत्तर द्या. असतो का कामाचा भाग? बहुतेक वेळा असतो, जसं «नल चेक राहिलाय». मग «नल चेक घातला, टेस्टही घातली» आणि पुढे. कामाचा भागच सापडत नसेल तर विचारा: «नक्की कुठली गोष्ट बदलायला हवी ते सांगाल का?» राग आलेला असताना उत्तर टाइप केलं असेल तर ते नोटपॅडमध्ये ठेवा, पीआरच्या बॉक्समध्ये नको, चुकून कमेंटचं बटण दाबलं गेलं तरी ईमेल जातो आणि कमेंट नंतर डिलीट केली तरी तो ईमेल राहतो. आणि एकच माणूस दर पीआरला असं लिहित असेल तर ते सहन करायची गोष्ट नाही, मेंटॉरला त्या कमेंट्स दाखवून सांगा.

प्रश्न: रिव्ह्यूअरला सर, मॅडम, दादा, ताई काय म्हणू?

टीममध्ये बाकीचे जे म्हणतात ते. बऱ्याच आयटी कंपन्यांत नावानेच हाक मारतात, पहिले काही दिवस जीभ अडखळते पण चालतं. लेखी कमेंटमध्ये तर संबोधनाची गरजच नसते. «रिस्पेक्टेड सर, काइंडली रिव्ह्यू» नको आणि «भाई बघ ना जरा» पण नको.

प्रश्न: मी सगळ्या कमेंट्सना उत्तरं दिली तरी रिव्ह्यूअर म्हणतो काहीच दिसत नाही!

पीआरच्या पानावर तुमच्या उत्तराशेजारी `Pending` लिहिलंय का बघा. उत्तर देताना `Start a review` दाबलं गेलं असेल तर ती सगळी उत्तरं तुमच्याकडेच साठून राहतात, `Submit review` केल्याशिवाय दुसऱ्या कुणालाही दिसत नाहीत. तुम्हाला स्वतःला मात्र पानावर नीट दिसतात, म्हणून लक्षातच येत नाही. इंटर्न म्हणतो रिव्ह्यूअर दुर्लक्ष करतोय, रिव्ह्यूअर म्हणतो इंटर्न उत्तर देत नाही, आणि दोघांचं काही चुकलेलं नसतं.

प्रश्न: `Resolve conversation` कुणी दाबायचं?

टीमला विचारा, दोन्ही पद्धती असतात. काही ठरलेलं नसेल तर साधे `nit` तुम्ही बंद करा आणि जिथे चर्चा झाली ते धागे रिव्ह्यूअरवर सोडा, कारण त्याचं समाधान झालं की नाही ते त्यालाच माहीत. उत्तर न देता धागा बंद करणं मात्र कुठल्याच टीममध्ये आवडत नाही.

प्रश्न: रिव्ह्यू सुरू असताना कमिट्स स्वच्छ करून फोर्स पुश करू का?

शक्यतो नको. रिव्ह्यूअरने मागच्या वेळी कुठपर्यंत बघितलं होतं तिथपासूनचे नवे बदल गिटहब त्याला दाखवू शकतं, तुम्ही इतिहासच बदलला की ते बिघडतं आणि त्याला सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं. नवीन कमिट टाकत राहा, मर्ज करताना `Squash and merge` असेल तर शेवटी एकच कमिट होतो. करावंच लागलं तर `git push --force-with-lease` वापरा, म्हणजे त्या ब्रँचवर दुसऱ्याने काही टाकलं असेल तर ते न कळत पुसलं जाणार नाही, आणि पीआरमध्ये लिहून टाका की फोर्स पुश केलंय, का केलंय.

प्रश्न: दोन रिव्ह्यूअर, दोघांची मतं उलटी. कुणाचं ऐकू?

गुपचूप एकाचं ऐकू नका. दोघांना एकाच धाग्यात टॅग करून दोन ओळींत दोन्ही म्हणणी मांडा आणि तुम्हाला कुठलं बरं वाटतं ते सांगा. ते आपसात ठरवतील.

प्रश्न: सगळं करून झालं, आता रिव्ह्यूअर येतच नाही.

`Re-request review` केलं का? उजवीकडे रिव्ह्यूअरच्या नावाशेजारी गोल बाणांचं चिन्ह असतं, ते दाबलं की तुमचा पीआर पुन्हा त्याच्या यादीत येतो. नुसतं पुश केल्याने त्याला कळेलच असं नाही. कामाचा एक दिवस थांबा, मग मेसेज करा, आणि मेसेजमध्ये काम किती उरलंय ते सांगा: «#418 मध्ये तुमच्या तिन्ही कमेंट्सवर बदल केलेत, बघायचा फक्त क्वेरीचा भाग राहिलाय, साधारण २० ओळी. आज जमेल का?» नुसतं «हाय» पाठवून उत्तराची वाट बघू नका.

प्रश्न: रिव्ह्यूमध्ये क्वेरीच बदलली. डिस्क्रिप्शन जुनंच आहे, राहू दे का?

नाही, मर्जच्या आधी बदला. आपल्या नमुन्यात «तारीख काढण्याआधी `created_at` भारतीय वेळेत आणला» असं लिहिलंय, आता कोड तसं करत नाही. तिथे लिहा की दिवसाची सुरुवात आणि शेवट काढून त्यामधल्या ऑर्डर घेतो, कॉलमवर फंक्शन लावलं तर इंडेक्स वापरला जात नाही म्हणून. काही रेपोंमध्ये सेटिंग असं असतं की स्क्वॉश करताना पीआरचं टायटल आणि डिस्क्रिप्शनच कमिटचा मेसेज बनतं, तिथे तर जुनं वर्णन कायमचं इतिहासात जाऊन बसतं. आणि अकाउंट्सला सांगितलं असेल तर «अजून सांगितलेलं नाही» ही ओळही बदला.

प्रश्न: डिस्क्रिप्शनमध्ये `Closes #412` लिहिलं होतं, मर्ज झालं, तरी टिकट उघडंच आहे. का?

पीआर बहुतेक `main` मध्ये न जाता `develop` किंवा रिलीज ब्रँचमध्ये मर्ज झालाय. `Closes` आणि `Fixes` हे शब्द रेपोच्या डिफॉल्ट ब्रँचमध्ये मर्ज झालं तरच टिकट आपोआप बंद करतात. नुसतं `#412` लिहिलं असेल तर फक्त लिंक होते, बंद काहीच होत नाही. अशा वेळी हाताने बंद करा, पण बदल प्रॉडक्शनला गेल्यावर आणि अकाउंट्सने एक दिवसाचा रिपोर्ट जुळवून बघितल्यावर.